उशिरा पोहोचलेला माल आणि दिलगिरीचे पत्र

श्रोतेहो, नमस्कार. ठरलेल्या तारखेनंतर माल पोहोचला की पुरवठादाराला आपल्या व्यापारी ग्राहकाला दिलगिरीचे पत्र लिहावे लागते. ते पत्र कसे लिहावे, याविषयी आज बोलायचे आहे. ग्राहक नेहमीचा आहे, मालात दोष नाही, फक्त उशीर झाला आहे आणि पुढची ऑर्डर मिळेल की नाही याची खात्री उरलेली नाही, एवढ्या एकाच प्रसंगापुरते मी बोलेन.

मी छापील पुठ्ठ्याची खोकी तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या विक्री विभागात नवी होते, तेव्हाची गोष्ट. एका नेहमीच्या ग्राहकाला 12,000 खोकी 14 तारखेला द्यायची होती. 10 तारखेला खोक्याचा आकार कापणारा साचा, ज्याला आम्ही डाय म्हणतो, तो तडकला. नवा साचा हाती येईपर्यंत 18 तारीख उजाडली आणि माल ग्राहकाच्या गोदामात उतरला तो 23 तारखेला, म्हणजे 9 दिवस उशिरा. त्याहून वाईट गोष्ट अशी की 10 तारखेलाच आम्हाला सगळे कळले होते आणि तरीही, कदाचित जमून जाईल या आशेवर, आम्ही ग्राहकाला 14 तारखेच्या सकाळपर्यंत काहीही कळवले नव्हते.

पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी मोठ्या कष्टाने एक पानभर मजकूर तयार केला. आपल्या दोन्ही संस्थांचे जुने आणि स्नेहाचे संबंध, अपरिहार्य कारणांमुळे झालेला विलंब, आपल्याला काही गैरसोय झाली असल्यास क्षमस्व, आणि शेवटी, पुढील ऑर्डरची आम्ही आतुरतेने वाट पाहत आहोत. आमच्या वरिष्ठांनी ते शांतपणे वाचले, ‘गैरसोय झाली असल्यास’ या शब्दांखाली रेघ ओढली आणि विचारले, ‘झाली की नाही, हे तुम्ही त्यांना विचारले का?’ मी विचारले नव्हते. त्यांनी माझ्यासमोरच दूरध्वनी पुढे सरकवला.

मी ग्राहकाच्या गोदाम प्रमुखांशी बोलले. त्यांचे पॅकिंगचे काम दोन दिवस पूर्ण बंद राहिले होते, आणि त्यानंतर त्यांनी साधी, कोरी खोकी बाजारातून आणून, प्रत्येक खोक्यावर हाताने लेबल चिकटवून माल पुढे पाठवला होता. मी कानाशी दूरध्वनी धरून हे सगळे कागदावर उतरवून घेत होते. आपण लिहिलेला ‘गैरसोय’ हा शब्द किती पोकळ होता, हे मला तेव्हा उमगले.

मग जे पत्र गेले, ते मला आजही जवळजवळ पाठ आहे. विषयाच्या ओळीत परचेस ऑर्डरचा क्रमांक, 12,000 खोकी आणि ‘9 दिवस उशिरा पोहोच’ एवढेच होते. पत्र असे होते: ‘14 तारखेला द्यायचा माल आम्ही 23 तारखेला दिला. 10 तारखेला साचा तडकल्याचे आम्हाला कळले होते, पण ते आम्ही आपल्याला 14 तारखेपर्यंत कळवले नाही, ही आमची दुसरी चूक आहे. त्यामुळे आपले पॅकिंगचे काम दोन दिवस थांबले आणि आपल्याला हाताने लेबले लावावी लागली, याबद्दल आम्ही क्षमा मागतो. करारातील कलमाप्रमाणे होणारी 1 टक्क्याची कपात आम्ही सोबतच्या क्रेडिट नोटने देत आहोत आणि या गाडीचे भाडे आपल्या बिलात लावलेले नाही. आपल्या खोक्याचा दुसरा साचा तयार करून ठेवला आहे. यापुढे तारीख सरकण्याची शक्यता दिसताच त्याच दिवशी आम्ही दूरध्वनी करू.’ खाली कारखान्याच्या प्रमुखांची सही आणि त्यांचा थेट क्रमांक होता. पुढच्या ऑर्डरविषयी एक अक्षरही नव्हते.

तीन आठवड्यांनी मी त्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी फाइल उघडून ते पत्र मला दाखवले. समासात त्यांच्या वरिष्ठांचा शेरा होता, ‘पुरवठादार चालू ठेवावा.’ ते म्हणाले, ‘या उशिराबद्दल मला वर जाब द्यायचा होता. तुमचे पत्र मी जसेच्या तसे पुढे केले, मला वेगळे काही लिहावे लागले नाही.’

श्रोतेहो, या प्रसंगातून मी जे शिकले ते एवढेच, की पत्रावर नाव खरेदी अधिकाऱ्याचे असले तरी ते वाचणारा माणूस त्याच्या वरचा असतो. तुमची निवड त्या अधिकाऱ्याने केलेली असते आणि उशीर झाला की वरिष्ठ त्यालाच विचारतात. म्हणून पत्र असे असावे की ते त्याला वर ठेवता येईल. पुन्हा सांगते, पत्र त्याला वर ठेवता आले पाहिजे. त्यात ठरलेली तारीख, प्रत्यक्ष तारीख, एका ओळीत कारण, त्यांचे झालेले नुकसान त्यांच्याच शब्दांत आणि आपण केलेली दुरुस्ती, एवढे असले की पुरे. कारण एका ओळीत म्हणते ते मुद्दाम. साचा बनवणाऱ्याने उशीर केला, वाहतूकदाराने उशीर केला, असे लिहिलेत तर ग्राहकाला तुमचा कारखाना दुसऱ्यांच्या हातात असल्याचेच दिसते. आणि ‘विलंब झाला’ असे लिहिण्यापेक्षा ‘आम्ही माल उशिरा दिला’ असे लिहावे, असे माझे ठाम मत आहे. कर्ता लपवणारी वाक्ये आपल्या कार्यालयीन मराठीत फार बोकाळली आहेत आणि मला ती मनापासून नकोशी वाटतात. दिलगिरीसोबत भेटवस्तू पाठवण्याची पद्धतही मला मान्य नाही, कारण ती स्वीकारताना खरेदी अधिकारी उगाच अडचणीत येतो.

एका बाबतीत मात्र हात आखडता ठेवावा. चूक कबूल करावी, पण ‘आपले झालेले सर्व नुकसान भरून देऊ’ असे कधीही लिहू नये, कारण त्यांच्या पुढच्या ग्राहकापर्यंत ते नुकसान किती पसरले असेल याला सीमा नसते आणि लिहिलेले पत्र उद्या पुरावा म्हणून समोर येऊ शकते. लिहिण्यापूर्वी करार काढून वाचावा. आमच्या करारात आठवड्याला अर्धा टक्का कपात होती आणि सुरू झालेला आठवडा पूर्ण धरायचा होता, म्हणून 9 दिवसांचे दोन आठवडे आणि 1 टक्का. एवढेच आम्ही दिले, पण त्यांनी मागण्यापूर्वी दिले.

त्या भेटीत मला ऑर्डर मिळाली ती 4,000 खोक्यांची, म्हणजे नेहमीच्या एक तृतीयांश. उरलेली खोकी त्यांनी दुसरीकडे सांगितली होती आणि ते त्यांनी माझ्यापासून लपवले नाही. पत्राने ग्राहक टिकतो, पण विश्वास पूर्वीच्या मापाने लगेच परत येत नाही, हे धरून चालावे. पुढची तारीख देताना आम्ही दोन दिवस हाताशी ठेवले, 5 तारीख लिहून दिली आणि 2 तारखेला दूरध्वनी करून गाडी 4 तारखेला येत असल्याचे कळवले. खरेदी अधिकारी म्हणाले, ‘दुपारी तीनच्या आत पाठवा, नंतर गोदाम बंद होते.’ गाडी साडेबाराला पोहोचली. त्यानंतरची ऑर्डर पुन्हा 12,000 खोक्यांची होती आणि तिच्यावर पोच तारखेच्या रकान्याशेजारी त्यांनी हाताने एक ओळ जोडली होती, ‘तीन दिवस आधी दूरध्वनी करावा.’

नमस्कार.