एका ओळीत पाच आकडे: व्हिडिओ टीमच्या आठवड्याच्या डॅशबोर्डविषयी

सुरुवातीलाच दोन व्हिडिओंचे आकडे सांगते. दोन्ही एकाच यूट्यूब चॅनलचे, साधारण दहा मिनिटांचे आणि प्रकाशित होऊन पूर्ण सात दिवस झालेले. पहिल्याचा सीटीआर ३.१ टक्के, दुसऱ्याचा २.९ टक्के. सीटीआर म्हणजे थंबनेल जितक्या वेळा दिसलं त्यापैकी किती वेळा ते दाबलं गेलं याचं प्रमाण. या चॅनलचा नेहमीचा सीटीआर ४.६ च्या आसपास असायचा. सोमवारच्या बैठकीत आमच्या पडद्यावर हे दोन्ही आकडे लाल झाले आणि आम्ही दोन्ही थंबनेलं बदलली. दुसऱ्याचं बदलायला नको होतं.

का, ते तेव्हाच्या डॅशबोर्डवरून कळणं शक्यच नव्हतं. त्यावर एकंदर सत्तावीस आकडे होते. प्रत्येकाची वेगळी चौकट, प्रत्येक चौकटीत वर जाणारा किंवा खाली येणारा बाण. सीटीआरची चौकट वर उजवीकडे होती आणि इम्प्रेशन्सची, म्हणजे थंबनेल किती वेळा दिसलं याची, दुसऱ्या पानावर. पहिल्या व्हिडिओची इम्प्रेशन्स २,१०,००० होती, जी आमच्यासाठी नेहमीचीच. दुसऱ्याची ६,२०,००० होती, म्हणजे जवळजवळ तिप्पट.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पहिल्याला नेहमीइतकी संधी मिळाली आणि नेहमीपेक्षा कमी लोकांनी तो उघडला. २,१०,००० चे ३.१ टक्के म्हणजे थंबनेल दाबून आलेले सुमारे ६,५०० व्ह्यूज. तिथे थंबनेल आणि शीर्षक कमी पडलं, हे सरळ आहे. दुसरा व्हिडिओ मात्र आम्हाला कधीच न पाहिलेल्या लोकांच्या होमपेजवर पोहोचला होता. अनोळखी माणूस नियमित प्रेक्षकाइतक्या सहज क्लिक करत नाही, त्यामुळे व्हिडिओ पसरतो तेव्हा सीटीआर उतरतोच. ६,२०,००० चे २.९ टक्के म्हणजे जवळजवळ १८,०००. तो त्या तिमाहीतला आमचा सगळ्यात चांगला व्हिडिओ होता आणि आम्ही चालत्या गाडीचं चाक काढून पाहत होतो.

यूट्यूबच्या स्वतःच्या मदतपानावर म्हटलंय की निम्म्या चॅनल्सचा आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. एवढ्या रुंद पट्ट्यात ‘चांगला सीटीआर किती?’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही. तो तुमच्याच मागच्या व्हिडिओंशी आणि शेजारच्या इम्प्रेशन्सशी जोडूनच वाचावा लागतो.

त्या सोमवारनंतर आम्ही आकडे निवडायची एक कसोटी ठरवली. आकडा कमी आला तर आपण एक काम करू आणि जास्त आला तर दुसरं, आणि ते काम याच आठवड्यात करता येईल, असं असेल तरच तो आठवड्याच्या डॅशबोर्डवर राहील. सत्तावीसपैकी बावीस आकडे इथेच गळले. सबस्क्रायबरची संख्या गेली, कारण ती खाली आली तर मंगळवारी सकाळी नेमकं काय करायचं हे कुणालाच सांगता येईना. एकूण वॉच टाइम काढताना वाद झाला. २०१२ मध्ये यूट्यूबने शिफारशींसाठी क्लिकपेक्षा पाहिलेल्या वेळाला जास्त वजन द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हा आकडा सगळ्यांच्या मनात मोठा आहे, आणि तो महत्त्वाचा आहेच. पण तो व्ह्यूज आणि पाहण्याचा सरासरी वेळ यांचा गुणाकार आहे. तो घसरला की दुखणं थंबनेलमध्ये आहे की एडिटमध्ये, हे त्यातून कळत नाही. परत येणारे प्रेक्षक हा आकडा मला स्वतःला फार जवळचा वाटतो, पण तो हळू हलतो. तो आम्ही महिन्याच्या पानावर नेला.

उरलेले पाच असे: पहिल्या सात दिवसांतले व्ह्यूज, इम्प्रेशन्स, सीटीआर, तिसाव्या सेकंदाला किती टक्के प्रेक्षक अजून पाहताहेत, आणि स्क्रिप्ट मंजूर झाल्यापासून व्हिडिओ प्रकाशित होईपर्यंत लागलेले दिवस.

‘पहिल्या सात दिवसांतले’ या शब्दांवर थोडं थांबू या, कारण बहुतेक टीम इथेच फसलेल्या मी पाहिल्या आहेत. आठवड्याचे एकूण व्ह्यूज घेतले तर त्यात जुन्या व्हिडिओंचा वाटा मोठा असतो. सर्चमधून वर्षभर चालणारा एखादा जुना व्हिडिओ त्या आठवड्यात वर गेला की डॅशबोर्ड हिरवा होतो आणि नव्या कामाचं अपयश त्याखाली झाकलं जातं. तारखेच्या आठवड्याने तुलना केली तर शुक्रवारी आलेला व्हिडिओ सोमवारी आलेल्यासमोर विनाकारण हरतो. म्हणून वय समान ठेवायचं. सात दिवस पूर्ण झाले नसतील तर ती ओळ राखाडी ठेवायची आणि तिच्यावर बोलायचं नाही. यूट्यूब स्टुडिओतले शेवटच्या एक-दोन दिवसांचे आकडे अजून भरत असतात, म्हणून आम्ही आठव्या नव्हे तर दहाव्या दिवशी ओळ उघडतो आणि त्यात पहिले सात दिवस मोजतो.

शॉर्ट्स या पानावर आणूच नका, त्यांना स्वतंत्र तक्ता द्या. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरला जातो, आधीची मोजणी ‘एंगेज्ड व्ह्यूज’ या नावाने वेगळी दिसते. लांब व्हिडिओच्या व्ह्यूजमध्ये ते मिसळले तर बेरीज कशाचीच राहत नाही.

नेहमीचं म्हणजे किती, हे ठरवायला आम्ही मागचे बारा व्हिडिओ घेतो. सरासरी घेत नाही. एखादा व्हिडिओ भलताच चालला तर सरासरी तीन महिने फुगलेली राहते आणि त्यानंतरचा प्रत्येक चांगला व्हिडिओ वाईट दिसतो. मध्यक घ्यायचा आणि मधल्या निम्म्या व्हिडिओंचा पट्टा काढायचा. साध्या शीटमध्ये हे तीन सूत्रांत होतं:

```
=MEDIAN(B2:B13)
=QUARTILE(B2:B13,1)
=QUARTILE(B2:B13,3)
```

पहिलं सूत्र मधला आकडा देतं, उरलेली दोन पट्ट्याच्या कडा. आकडा पट्ट्याच्या आत असेल तर रंग नाही. बाहेर गेला तरच रंग: खाली नारिंगी, वर निळा. लाल-हिरवं आम्ही सोडलं, कारण टीममधल्या एकाला त्या दोन रंगांतला फरक दिसत नव्हता आणि हे आम्हाला फार उशिरा कळलं. एक मर्यादा लक्षात ठेवा. पट्टाच मधल्या निम्म्यांचा असल्यामुळे निम्मे आकडे त्याबाहेर पडणारच. एकट्या रंगीत खान्यावर निर्णय घ्यायचा नाही, ओळीत रंग कुठे सुरू होतो ते पाहायचं.

आणि इथे मांडणी येते. प्रत्येक आकड्याला चौकट न देता प्रत्येक व्हिडिओला एक ओळ द्यायची. डावीकडून उजवीकडे प्रेक्षक ज्या क्रमाने येतो त्या क्रमाने: त्याला थंबनेल दिसलं का, त्याने ते दाबलं का, तो अर्धा मिनिट थांबला का. सात दिवसांचे व्ह्यूज हा परिणाम असल्यामुळे तो सगळ्यात डावीकडे, नावाला लागून. उजव्या टोकाला दिवसांचा आकडा आणि त्यानंतर एक रिकामा खाना, निर्णयाचा.

आमच्या त्या पहिल्या व्हिडिओची ओळ आता वाचू. इतर वाटांनी आलेले धरून एकूण व्ह्यूज ८,४००, नेहमीचे १२,०००, म्हणून नारिंगी. पुढे सरका: इम्प्रेशन्स २,१०,०००, पट्ट्यात. पुढे: सीटीआर ३.१, नारिंगी. पुढे: तिसाव्या सेकंदाला ७१ टक्के, नेहमीचा पट्टा ६० ते ६७, म्हणून निळा. जे आत आले ते नेहमीपेक्षा जास्त टिकले. एडिटला हात लावायचा नाही, शीर्षक आणि थंबनेल बदलायचं. एवढं वाचायला वीस सेकंदं लागतात. थंबनेलसाठी स्टुडिओतली चाचणी वापरायची, तिच्यात तीनपर्यंत पर्याय लावता येतात. ती विजेता क्लिकवर ठरवत नाही, पाहिलेल्या वेळेच्या वाट्यावर ठरवते, आणि मला ते योग्य वाटतं, कारण खोटं आमिष दाखवणारं थंबनेल त्यात सहजी जिंकत नाही.

उलटी ओळही पाहा. एका व्हिडिओचा सीटीआर ७.२ टक्के होता, निळा, आणि तिसाव्या सेकंदाला फक्त ४४ टक्के, गडद नारिंगी. दोन शेजारच्या खान्यांत असे विरुद्ध रंग आले की शीर्षकाने दिलेलं वचन व्हिडिओने लगेच पाळलेलं नाही, ही पहिली शंका. तेव्हाच रिटेन्शनचा, म्हणजे कोणत्या सेकंदाला किती प्रेक्षक उरले याचा, आलेख उघडायचा, एरवी नाही. आमचा आलेख पहिल्या अठरा सेकंदांत कोसळत होता आणि ती अठरा सेकंदं म्हणजे लोगो, संगीत आणि ‘नमस्कार, आज आपण पाहणार आहोत’. स्टुडिओच्या एडिटरमध्ये प्रकाशित व्हिडिओचा सुरुवातीचा भाग कापता येतो आणि लिंक व व्ह्यूज तसेच राहतात. आम्ही ती अठरा सेकंदं कापली. त्यानंतरचा तिसावा सेकंद हा वेगळा सेकंद आहे, म्हणून त्या ओळीत कापल्याची तारीख लिहिली आणि तो व्हिडिओ बाराच्या पट्ट्यातून वगळला. खरा उपयोग पुढच्या व्हिडिओला झाला: स्क्रिप्ट लिहिणारी आता पहिल्या वाक्यात शीर्षकातला प्रश्न हातात घेते.

पाचव्या आकड्याबद्दल थोडक्यात. तो प्रेक्षकांचा नाही, आपला आहे. एका महिन्यात आमचे दिवस ९ वरून १६ वर गेले. शूट तेवढंच, एडिट तेवढंच. सात दिवस फाइल तपासणीची वाट पाहत पडून होती, कारण तपासणारी मीच होते आणि मी एकटीच होते. इतर चार आकड्यांमध्ये हे कधीच उमटलं नसतं. आता दुसरी एक सहकारी पहिली तपासणी करते, आणि हा आकडा नारिंगी असेल त्या आठवड्यात नवी स्क्रिप्ट मंजूर करत नाही.

शेवटचा खाना निर्णयाचा. त्यात एक क्रियापद, एक नाव आणि एक तारीख, एवढंच लिहायचं: ‘थंबनेल बदलणे, डिझायनर, बुधवार’. काही करायचं नसेल तर ‘तसंच ठेवणे’ हेही लिहायचं, रिकामं सोडायचं नाही. त्या ६,२०,००० वाल्या ओळीत आज मी तेच लिहिलं असतं. आणि दोन आठवड्यांनी ती ओळ पुन्हा वर आणायची, बदलाआधीचा आणि नंतरचा सीटीआर इम्प्रेशन्ससकट शेजारी ठेवायचा. आम्ही हे सुरू केलं तेव्हा पहिल्या दहा थंबनेल बदलांपैकी चारांत काहीच फरक पडला नव्हता, आणि त्या चारही वेळा आम्ही फक्त रंग बदलला होता, चित्रातला विषय तोच ठेवला होता.