स्लॅबच्या आधीचे पैसे

मंडळी, मी स्थापत्य अभियंता. बरीच वर्षं बँकांच्या पॅनेलवर मूल्यांकनाचं काम केलं. तुमच्यापैकी बहुतेकांचा प्लॉट घेऊन झालाय, बिनशेती झालाय, आणि आता त्यावर घर बांधायला कर्ज काढायचंय. व्याजदराची चौकशी तुम्ही माझ्यापेक्षा चांगली केली असेल, म्हणून त्यावर बोलत नाही. मी बोलणार आहे ते मंजूर झालेलं कर्ज हातात कधी पडतं, याबद्दल.

तयार फ्लॅट घेताना बँक एक चेक फाडते आणि विषय संपतो. स्वतःच्या प्लॉटवर बांधताना बँकेसमोर तारण म्हणून असते फक्त जमीन. घर अजून कागदावरच असतं. म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात, आणि बहुतेक ठिकाणी आधी काम, मग पैसे. जोतं झालं की तुम्ही कळवता, माझ्यासारखा माणूस येतो, मंजूर नकाशा हातात धरून बघतो, फोटो काढतो, ‘इतके टक्के काम झालं’ असं लिहून देतो, आणि त्या टक्क्यांनी कर्जाचा हिस्सा सुटतो. पण ठेकेदाराला पैसे काम चालू असतानाच लागतात. या दोन तारखांच्या मधे माणूस अडकतो.

बार्शीजवळच्या एका गृहस्थांचं उदाहरण सांगतो. शिक्षक होते, त्यांना आपण गुरुजी म्हणू. हजार चौरस फुटांचं घर, अभियंत्याचं अंदाजपत्रक २४ लाखांचं. बँकेने १८ लाख मंजूर केले, ६ लाख गुरुजींनी स्वतःचे घालायचे, त्याला मार्जिन म्हणतात. ‘माझा प्लॉटच १५ लाखांचा आहे, तो मार्जिनमधे धरा’ असं त्यांनी म्हणून पाहिलं. काही बँका धरतात, त्यांच्या बँकेने धरला नाही. मंजुरीपत्रातले टप्पे असे होते: जोत्यापर्यंत २० टक्के, स्लॅबपर्यंत एकूण ४५, वीटकाम आणि प्लास्टर होईपर्यंत ७५, फरशी-दारं-रंगापर्यंत ९०, आणि उरलेले १० टक्के भोगवटा दाखला आल्यावर.

जोत्याचा अंदाज ४ लाख ८० हजारांचा होता. पण तिकडची जमीन काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया टेकवता येत नाही. मुरूम लागेपर्यंत खणावं लागलं, खड्डे अंदाजापेक्षा खोल गेले आणि जोत्यालाच ६ लाख लागले. गुरुजींची सगळी शिल्लक जमिनीखाली गेली. मी जाऊन पाहिलं. खोल पाया मला दिसत होता, पण बँकेच्या तक्त्यात जोतं म्हणजे २० टक्के. सुटले किती? १८ लाखांचे २० टक्के, ३ लाख ६० हजार.

पुढचा टप्पा कॉलम ते स्लॅब, अंदाज ६ लाख. हातात ३ लाख ६०. म्हणजे २ लाख ४० हजार कमी. अंदाजपत्रक अगदी तंतोतंत खरं ठरलं असतं, तरीही या जागी सव्वा लाखाच्या आसपास कमीच पडले असते, कारण स्लॅबचे पैसे स्लॅब पडल्यावर मिळतात. दोष एकट्या काळ्या मातीचा नाही.

आणि स्लॅब हा असा टप्पा आहे की त्याचे तुकडे पडत नाहीत. वीटकाम चार दिवस थांबवता येतं. स्लॅब एका दिवसात टाकावा लागतो, आणि त्या सकाळी सेंट्रिंग बांधलेलं, सळई विणलेली, सव्वाशे-दीडशे पोती सिमेंट जागेवर, मिक्सर आणि माणसं हजर, असं सगळं एकाच वेळी लागतं. गुरुजींनी ३ लाख ६० मधून कॉलम उभे केले आणि सळई आणून टाकली. मग मला फोन : ‘साहेब, दोन टन सळई आणून ठेवलीय, तेवढी तरी धरा.’ मला धरता येत नव्हती. साइटवर पडलेला माल म्हणजे झालेलं काम नव्हे, उद्या ती सळई दुकानात परतही जाऊ शकते. कॉलमच्या डोक्यावर उघड्या सळया महिना-दीड महिना तशाच राहिल्या, वळवाचा पाऊस झाला आणि त्यांना तांबूस गंज धरला. शेवटी वहिनींचं सोनं तारण ठेवलं आणि स्लॅब पडला. त्यानंतर ४ लाख ५० हजार सुटले, त्यातले २ लाख ४० सोनं सोडवण्यात गेले, आणि ७ लाख २० हजारांच्या वीटकाम-प्लास्टरला उरले २ लाख १०. खड्डा बुजला नाही, पुढे सरकला.

यावर जे करायचं ते मंजुरीपत्रावर सही करण्याआधी. टप्प्यांचा तक्ता मागून घ्या आणि शेजारी ठेकेदाराचा हप्त्यांचा तक्ता ठेवा. बँक ‘प्लास्टर झाल्यावर’ म्हणते आणि ठेकेदार ‘वीटकाम सुरू करताना’ म्हणत असेल, तर मधली रक्कम तुमच्या खिशातून जाणार. ती आत्ताच मोजून घ्या. मोठे टप्पे फोडून मागा : कॉलमचा वेगळा, वीटकामाचा वेगळा, प्लास्टरचा वेगळा. जास्त भेटींची फी पडेल, पण ती सोनं तारणापेक्षा स्वस्त. काही बँका पुढच्या टप्प्याचे पैसे आगाऊ देतात, मागितले तर. पायासाठी आधी एक चाचणी खड्डा घ्या, आणि मुरूम किती खाली आहे ते बघून मगच अंदाजपत्रक करा. खर्च वाढला म्हणून कर्ज आपोआप वाढत नाही. वाढीव रकमेसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पगाराचा हिशोब. आणि बोअर, कंपाउंड, वीजमीटर या गोष्टी अंदाजपत्रकातून हमखास सुटतात.

काम चालू असताना बहुतेक बँका उचललेल्या रकमेवरचं फक्त व्याज घेतात, त्याला प्री-ईएमआय म्हणतात. नऊ टक्क्यांनी ८ लाख १० हजारांवर महिन्याला ६,०७५ रुपये. त्यातून मुद्दल रुपयाने कमी होत नाही. घर रखडलं की हे पैसे नुसते वाहत राहतात, आणि वर राहत्या जागेचं भाडं.

शेवटचे दहा टक्के राहिले. गुरुजींच्या नकाशात जिना घराच्या आत होता. खोली मोठी व्हावी म्हणून मिस्त्रीच्या सांगण्यावरून त्यांनी तो बाहेर, बाजूच्या सामासिक अंतरात, म्हणजे हद्दीलगत मोकळ्या सोडायच्या जागेत घेतला. गच्चीवर गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मला अहवालात लिहावं लागलं. न लिहिता गेलो असतो तरी भोगवटा दाखल्याला नगरपालिकेत अडकलंच असतं. बाहेरचा भाग तोडून, जिना मंजूर अंतरात बसवून, सुधारित नकाशा मंजूर करून दाखला यायला दोन महिने गेले. तोवर १ लाख ८० हजार बँकेतच. उचललेल्या १६ लाख २० हजारांवर महिन्याला १२,१५० रुपये व्याज, भाडं ७,०००. दोन महिन्यांचे ३८,३०० झाले. तोडकामाची मजुरी मी यात धरलेली नाही. खोलीत मिळालेली जागा होती अडीच फूट, आणि तीही परत द्यावी लागली.

आता प्रश्न विचारा. मंजुरीपत्रं कुणी सोबत आणली असतील तर टप्प्यांचं पान उघडून ठेवा.