घाटात भरलेला ट्रक 36 च्या पुढे का जात नाही?

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याकडून साताऱ्याला येताना पारगाव-खंडाळा मागे पडलं की खंबाटकीचा चढ लागतो. पुढे सिमेंटच्या किंवा साखरेच्या पोत्यांनी भरलेला ट्रक असेल तर आपण त्याच्या मागे अडकतो आणि मनातल्या मनात त्या ड्रायव्हरला म्हणतो, ‘अरे, जरा दाब की!’ पण त्याने आधीच दाबलेला असतो. एक्सिलरेटर पार तळाला टेकलेला असतो, इंजिन पूर्ण जोरात ओरडत असतं आणि तरीही स्पीडोमीटरचा काटा एका आकड्यावर येऊन बसतो. पुढे सरकत नाही, मागेही येत नाही.

तो आकडा कुठून येतो, हे आज मला सांगायचं आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना हे गणित पुस्तकात भेटतं आणि बरीच मुलं सूत्र पाठ करून मोकळी होतात. त्यांनी आज कागद-पेन्सिल जवळ घ्यावी. ज्यांच्या घरी ट्रक आहे त्यांनीही ऐकावं, कारण शेवटी मी त्यांच्या कामाचं बोलणार आहे.

आपला ट्रक मालासकट 18 टनांचा, म्हणजे 18,000 किलोचा धरू. इंजिन 180 हॉर्सपॉवरचं. एक मेट्रिक हॉर्सपॉवर म्हणजे साधारण 735 वॅट, त्यामुळे इंजिनाची शक्ती झाली सुमारे 132 किलोवॅट. ही सगळी चाकांपर्यंत पोचत नाही. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, रेडिएटरचा पंखा यांत दहा टक्क्यांच्या आसपास वाटेतच खर्च होते. चाकांवर उरतात 120 किलोवॅट, म्हणजे 1,20,000 वॅट. आपल्या हिशोबाला हाच आकडा लागतो, कंपनीच्या माहितीपत्रकावरचा नाही.

आता चढ. खंबाटकीचा चढ प्रत्येक वळणाला बदलतो, म्हणून हिशोबापुरता एकसारखा चढ घेऊ: रस्त्याने 20 मीटर गेलं की 1 मीटर उंची वाढते. ट्रकचं वजन, गुरुत्व त्वरण 10 धरलं तर, 1,80,000 न्यूटन. या वजनाचा विसावा भाग रस्त्याच्या दिशेने ट्रकला खाली खेचतो. तो झाला 9,000 न्यूटन. शिवाय टायर रस्त्यावर घरंगळताना दबतात, सुटतात, त्यात ऊर्जा जाते आणि हवाही थोडी आडवी येते. नायलॉन टायर आणि मध्यम प्रतीचा रस्ता धरला तर हा विरोध सगळा मिळून 3,000 न्यूटन घ्यायला हरकत नाही. म्हणजे ट्रकला मागे ओढणारं एकूण बल 12,000 न्यूटन.

आता मुख्य गोष्ट. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. इंजिन ठरावीक शक्तीच देणार असेल तर चाकांवरचं बल वेगावर ठरतं. वेग कमी तर बल जास्त, वेग वाढला की बल घटतं. 1,20,000 ला वेगाने भागा, त्या वेगाला किती बल मिळतं ते कळतं.

सेकंदाला 5 मीटर, म्हणजे ताशी 18 किलोमीटर वेग असताना चाकांवर 24,000 न्यूटन बल मिळतं. लागतं 12,000. वरचे 12,000 न्यूटन शिल्लक राहतात आणि तेच गाडीचा वेग वाढवतात. वेग 8 मीटरवर गेला की मिळतात 15,000, शिल्लक फक्त 3,000. इथे ड्रायव्हरला जाणवतं की पिकअप गेला. साडेनऊ मीटरला शिल्लक राहतात जेमतेम सहाशे न्यूटन, आणि अठरा टनांना सहाशे न्यूटन म्हणजे काहीच नाही. सेकंदाला बरोबर 10 मीटर वेग झाला की मिळतात 12,000 आणि लागतातही 12,000. शिल्लक शून्य, त्वरण शून्य. सेकंदाला 10 मीटर म्हणजे ताशी 36 किलोमीटर. काटा अडतो तो इथे.

म्हणून सूत्र साधं आहे: कमाल स्थिर वेग म्हणजे शक्ती भागिले एकूण विरोध. पण मुलांनो, सूत्राआधी ‘शिल्लक बल’ डोळ्यांपुढे आणा. या वेगाला गाडीवर बलच नसतं, असं उत्तरपत्रिकेत लिहिलेलं मी वाचतो तेव्हा मला वाईट वाटतं. बलं भरपूर आहेत, पुढची आणि मागची सारखी आहेत एवढंच. इंजिन तर पूर्ण शक्तीने राबतंय. ती शक्ती जाते कुठे, तेही बघा. 120 पैकी 90 किलोवॅट निव्वळ 18 टन उचलण्यात जातात, कारण ट्रक दर सेकंदाला अर्धा मीटर वर चढतोय. उरलेले 30 किलोवॅट टायर आणि हवा खातात.

आता उलट बाजूने बघू. पुष्कळ ड्रायव्हर सांगतात, घाटाच्या पायथ्याला गाडी पळवत आणली की चढ सोपा जातो. समजा आपला ट्रक ताशी 60 ने चढाला लागला. 60 म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. या वेगाला चाकांवर बल मिळतं फक्त 7,200 न्यूटन आणि लागतं 12,000. म्हणजे तूट आहे, आणि वेग उतरायला लागतो. 50, 45, 40 असं करत काटा पुन्हा 36 कडेच येतो. खालून गेलात तरी 36 आणि वरून आलात तरी 36. म्हणूनच त्याला स्थिर वेग म्हणतात.

मग पळवत आणण्याचा फायदा काय? आहे, पण थोडा. हिशोब केला तर 60 वरून 38 पर्यंत यायला पाऊण मिनिटाच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्यात ट्रक जेमतेम सहाशे मीटर गेलेला असतो. चढ तीनशे मीटरचा असेल, एखाद्या ओढ्यावरच्या पुलानंतरचा असतो तसा, तर ही धाव उपयोगाची. घाट काही किलोमीटरचा असेल तर सहाशे मीटरनंतर पळवत आलेला आणि हळू आलेला ट्रक सारख्याच वेगाने चढत असतात. त्यासाठी पायथ्याच्या वस्तीतून भरधाव गाडी आणणं मला मुळीच पटत नाही.

या हिशोबात एक गोष्ट आपण गृहीत धरली आहे. 3,000 न्यूटनचा विरोध कायम तेवढाच राहतो असं मानलंय. परीक्षेतल्या गणितात तसंच दिलेलं असतं. पण ते कुठवर चालतं? तोच ट्रक सपाट रस्त्यावर आणा. चढाचे 9,000 गेले, उरले 3,000. 1,20,000 भागिले 3,000 म्हणजे सेकंदाला 40 मीटर, ताशी 144 किलोमीटर! भरलेला ट्रक 144 ने? शिरवळ ते सातारा कुणी पाहिलाय का? उत्तर असं आलं की समजावं, गृहीतक तुटलंय. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. घाटात 36 च्या वेगाला तो तीन-साडेतीनशे न्यूटन होता, एकूण 12,000 मध्ये झाकून जात होता. सपाटीवर वेग अडीच पट झाला की तो सहा पटींच्या वर जातो, आणि मग हवाच मोठा अडसर बनते. हवेचा हिशोब वेगळा धरून पुन्हा गणित केलं की उत्तर ताशी 90 च्या आसपास येतं, आणि ते पटण्यासारखं आहे. म्हणजे चढ जितका उभा आणि ओझं जितकं जड, तितकं ‘विरोध कायम’ हे गृहीतक खरं. रिकामा ट्रक किंवा सपाट रस्ता असेल तर ते सोडून द्यावं लागतं.

दुसरी मर्यादा गिअरची. इंजिन पूर्ण शक्ती देतं ते ठरावीक फेऱ्यांनाच. 36 च्या वेगाला एखादा गिअर त्या फेऱ्यांजवळ बसला तर उत्तम. पण समजा वरच्या गिअरमध्ये 36 ला इंजिनाच्या फेऱ्या पडतात, इंजिन घरघरतं, गाडी ओढत नाही. आणि खालच्या गिअरमध्ये 32 लाच फेऱ्यांची हद्द येते. मग ट्रक 32 नेच चढणार, कागदावर 36 असले तरी. जाणता ड्रायव्हर म्हणून दम तुटायच्या आधीच खालचा गिअर टाकतो. फेऱ्या पडल्यावर गिअर बदलायला गेलं तर क्लच दाबलेल्या त्या एक-दोन सेकंदांत शक्ती शून्य होते, अठरा टन मागे खेचत असतात, आणि वेग आणखी खाली येतो.

आता ट्रकवाल्यांच्या कामाचं. हे गणित उलटं वापरता येतं. तोच ट्रक, तेवढंच वजन, तोच चढ, नेहमी 36 ने चढायचा आणि आता 30 च्या वर जात नाही, असं झालं तर? 30 म्हणजे सेकंदाला 8.33 मीटर. इथे दोन शक्यता आहेत. विरोध तेवढाच, 12,000, राहिला असेल तर चाकांवर येणारी शक्ती 12,000 गुणिले 8.33, म्हणजे 100 किलोवॅट झाली. 20 किलोवॅट कुठेतरी हरवलेत. किंवा शक्ती पूर्ण 120 आहे, पण विरोध 14,400 झालाय. म्हणजे 2,400 न्यूटन कुणीतरी जास्तीचे ओढतंय.

वेगाचा आकडा दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे नुसत्या काट्यावरून भेद कळत नाही. तो बाहेर शोधायचा. शक्ती हरवली असेल तर बहुतेकदा धूर बोलतो. एअर फिल्टर चोंदलाय किंवा टर्बोचा पाइप फाटलाय, हवा कमी पडते, काळा धूर येतो. धूर नाही आणि तरी ओढत नाही, तर डिझेल फिल्टर बघा, इंजिनाला डिझेलच पुरत नसेल. विरोध वाढला असेल तर सपाट, मोकळ्या जागी गाडी न्यूट्रल केली की ती नेहमीपेक्षा लवकर थांबते. टायरात हवा कमी असेल, नाहीतर एखादा ब्रेक चिकटत असेल. घाट चढून वर आलात की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि उतरून प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्या, लावू नका. चढताना ब्रेक लावलेलाच नसतो, म्हणून सगळे ड्रम जवळपास सारखेच हवेत. एकाच चाकाशी आच लागत असेल तर उताराला लागायच्या आधी त्या चाकाचा ब्रेक मेकॅनिकला दाखवा.