काँक्रीटच्या तुकड्यावरचे आठ ठिपके

(दृश्य: जमिनीवर आडवा पडलेला काँक्रीटचा गोल दंडगोल. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

हा तुकडा एका बीममधून निघाला आहे. व्यास १६० मिलिमीटर, लांबी २३० मिलिमीटर, म्हणजे बीमच्या रुंदीएवढी. कोअर कटिंगच्या, म्हणजे घट्ट झालेल्या काँक्रीटला गोल भोक पाडणाऱ्या मशीनने तो इतका सफाईने कापलाय की अंगावरून हात फिरवला तर फरशीसारखा गुळगुळीत लागतो. खडी दिसते, सिमेंट दिसतं. आणि दोन्ही टोकांपासून साधारण ३० मिलिमीटर आत चकाकणारे ठिपके दिसतात. चार या टोकाला, चार त्या टोकाला.

ते ठिपके लोखंडाचे आहेत. बीमच्या रिंगांचे कापलेले पाय.

रिंग म्हणजे बीमच्या लांब सळ्यांभोवती घातलेला सळईचा वेढा. ती बीमच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरते, म्हणून तिचे दोन पाय. प्रत्येक पाय भोकाच्या वर एकदा आणि खाली एकदा कापला गेला. एका रिंगेचे चार ठिपके. इथे आठ आहेत, म्हणजे दोन रिंगा गेल्या. या बीममध्ये रिंगा १५० मिलिमीटर अंतरावर होत्या. मग १६० च्या भोकात दोन रिंगा अशा मधोमध सापडल्या कशा? याचं उत्तर मिळवण्यासाठी बीम भरण्याच्या आधी काय ठरलं होतं, तिथे जावं लागेल.

(दृश्य: टेबलावर पसरलेलं ड्रॉइंग, पेन्सिलीची खूण.)

बाथरूमचा ११० मिलिमीटरचा ड्रेनेज पाइप स्लॅबखालून डक्टकडे जायचा होता. वाटेत दोन बीम आडवे येत होते, एकमेकांपासून ३.६ मीटरवर. दोन्ही बीम २३० रुंद आणि स्लॅबसकट ६०० खोल. पाइप बीमखालून नेला तर छत फार खाली येत होतं. म्हणून बीममधूनच न्यायचा, आणि त्यासाठी काँक्रीट भरण्याआधी १६० चा स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठी भोक राखणारी पोकळ नळी, ठेवायचा, असा प्लंबिंगवाल्यांचा प्रस्ताव होता.

स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंनी ड्रॉइंग पाहिलं आणि पहिला आक्षेप जागेवर घेतला. स्लीव्ह कॉलमच्या कडेपासून ७०० मिलिमीटरवर दाखवला होता. त्या म्हणाल्या, "कॉलमपासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरात मला भोक नको. इथे १२०० च्या आत काही चालणार नाही."

कारण असं. बीमवरचा भार शेवटी कॉलमकडेच जातो, त्यामुळे टेकूजवळ बीम तिरका फाटण्याचा जोर, ज्याला शिअर म्हणतात, तो सर्वाधिक असतो. अशी तिरकी भेग साधारण ४५ अंशात जाते. ६०० खोल बीममध्ये ती तीन-चार रिंगांना ओलांडते, आणि त्या तीन-चार रिंगाच तिला धरून ठेवतात. त्यातली एक गेली तरी चौथा ते तिसरा हिस्सा गेला. शिवाय भोकाच्या जागचं काँक्रीट गेलं ते वेगळंच.

पाइपला दोन ४५ अंशांचे बेंड देऊन स्लीव्ह १५०० वर सरकवला. प्लंबिंगवाल्यांना ते फारसं आवडलं नाही. बेंड वाढला की तिथे तुंबण्याची शक्यता वाढते, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. म्हणून बेंडजवळ सफाईसाठी झाकण दिलं.

दुसरा मुद्दा उंचीचा, आणि खरी कसरत इथे झाली.

भोक बीमच्या खोलीच्या मधल्या तिसऱ्या भागात बसवायचं, हा या इंजिनिअर बाईंचा आग्रह. बीमच्या लांबीच्या मध्यावर वरचा थर दाबला जातो, खालच्या सळ्या ताणल्या जातात. कॉलमजवळ हेच उलटं होतं. मधला पट्टा वाकण्याच्या दृष्टीने त्या मानाने निवांत असतो. शिअरच्या दृष्टीने मात्र तो निवांत नसतो, आणि म्हणून नुसती उंची सांभाळून भागत नाही, कॉलमपासूनचं अंतरही सांभाळावं लागतं.

आता हिशोब बघा. ६०० चा मधला तिसरा भाग म्हणजे वरून २०० ते ४०० मिलिमीटर. त्यात १६० चा स्लीव्ह. वर-खाली सरकायला जागा उरली फक्त ४० मिलिमीटर.

प्लंबिंगवाल्यांना ढाळ हवा होता ८० ला १. म्हणजे ३.६ मीटरमध्ये ४५ मिलिमीटर. बसत नाही! १०० ला १ घेतला तर ३६. हा बसतो. या आकाराच्या पाइपला १०० ला १ चा ढाळ चालतो, म्हणून तोच ठरला. पहिल्या बीममध्ये स्लीव्हचा मध्य वरून २८२ वर, दुसऱ्यात ३१८ वर. हे दोन आकडे ड्रॉइंगवर आले, त्यांच्याखाली दोघांच्या सह्या झाल्या.

आणि सोबत आणखी एक तपशील आला. स्लीव्हच्या दोन्ही बाजूंना चार-चार जादा रिंगा, ७५ मिलिमीटर अंतरावर. भोकामुळे जे कमी झालं ते शेजारी भरून काढायचं म्हणून. भोकाच्या वर आणि खाली आडव्या जादा सळ्याही होत्या. भोक आधी ठरलं की लोखंड त्याच्याभोवती असं रचता येतं. कोअर कटिंगला ही सोय नाही.

(दृश्य: शटरिंगमध्ये बांधलेली सळई, रिंगांच्या मधून आडवा गेलेला स्लीव्ह.)

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हाच पाइप कॉलममधून न्या असं कुणीतरी सुचवलंच. कॉलममधून आरपार भोक तर सोडाच, कॉलमच्या पोटात उभा पाइप गाडणंही टाळावं. अमेरिकेची काँक्रीटची संहिता, एसीआय ३१८, हिच्या २०११ च्या आवृत्तीत अशा पाइपला फिटिंगसकट कॉलमच्या क्षेत्रफळाच्या ४ टक्क्यांची मर्यादा होती. २३० बाय ४५० च्या कॉलममध्ये ४ टक्के म्हणजे ४,१४० चौरस मिलिमीटर. ७५ चा पाइप एकटाच ४,४१८ व्यापतो. ११० चा विषयच संपला. आणि आतला जोड गळू लागला, तर तो दुरुस्त करायला कॉलम फोडणार कोण?

आता पुन्हा बीमकडे.

काँक्रीट भरण्याच्या आदल्या दिवशी स्लीव्ह मोजले गेले. २८२, ३१८. अगदी बरोबर. बायंडिंग वायरचा एकेक वेढा देऊन ते शेजारच्या रिंगेला बांधले होते, तोंडं कापडाचे बोळे घालून बंद केली होती. सकाळी भरणी सुरू झाली, व्हायब्रेटर फिरला, संध्याकाळी काम संपलं.

शटरिंग उघडल्यावर दुसऱ्या बीममधला स्लीव्ह २९३ वर होता. २५ मिलिमीटर वर.

तो तरंगला. तोंडं बंद केलेला स्लीव्ह म्हणजे पोकळ डबा, आणि ओलं काँक्रीट म्हणजे पाण्याच्या जवळपास अडीचपट जड द्रव. १६० व्यास आणि २३० लांबीच्या स्लीव्हचं आकारमान ४.६ लिटर भरतं. तेवढं ओलं काँक्रीट ११ किलोचं. म्हणजे साधारण ११ किलोची उचल, त्यात व्हायब्रेटरची थरथर, आणि धरून ठेवायला तारेचा एक वेढा. तार ताणली गेली, स्लीव्ह वर आला.

३६ चा ढाळ आता ११ उरला. ३.६ मीटरमध्ये ११ मिलिमीटर म्हणजे पाणी कसंबसं सरकेल, मैला मागे राहील. पाइप टाकायला आलेल्या माणसाने मशीन मागवलं आणि जुन्या भोकाच्या मध्यापासून ३०० मिलिमीटरवर, योग्य उंचीला, नवं भोक मारलं. त्याच्या लेखी तो शेजारचा मोकळा भाग होता.

तो मोकळा नव्हता. जादा रिंगा नेमक्या तिथेच दाटीने बांधल्या होत्या. स्लीव्हच्या मध्यापासून ११०, १८५, २६० आणि ३३५ वर. नव्या भोकाने २२० ते ३८० चा पट्टा खाल्ला. २६० ची गेली, ३३५ ची गेली. आठ ठिपके.

(दृश्य: कोअरच्या अंगावरचे ठिपके पुन्हा, आता शेजारी ठेवलेल्या ड्रॉइंगसह.)

सळई शोधायला रीबार लोकेटर असतो. तो बीमच्या अंगावरून फिरवला असता तर दोन्ही रिंगांच्या रेषा खडूने आखता आल्या असत्या. ज्यांच्या हातात मशीन आहे त्यांनी हे टाळू नये असं मला मनापासून वाटतं. पण मला याहून जास्त सलणारी गोष्ट वेगळी आहे. भोक मारायची गरजच नव्हती.

स्लीव्हचा आतला व्यास जवळपास १५०, पाइप ११० चा. पाइपभोवती सगळीकडून २० मिलिमीटरची फट. पहिल्या स्लीव्हमध्ये पाइप १२ मिलिमीटर वर धरायचा, दुसऱ्यात १३ खाली. २५ भरून निघतात, ठरलेला ३६ चा ढाळ परत मिळतो. इंजिनिअर बाईंना कळवलं असतं तर हेच उत्तर मिळालं असतं. नंतर पाइप याच पद्धतीने गेलाही, जुन्याच स्लीव्हमधून.

नव्या भोकाचं निस्तरणं मात्र लांबलं. बीमखाली टेकू लागले. भोक न आकसणाऱ्या ग्राउटने भरलं. ग्राउटने काँक्रीट परत येतं, कापलेली रिंग परत येत नाही. म्हणून नव्याने हिशोब करून बीमला बाजूंनी आणि खालून कार्बन फायबरचे पट्टे चिकटवावे लागले. हा तुकडा फेकून न देता जपून ठेवला होता, हे एक बरं झालं. किती रिंगा कापल्या गेल्या आणि नेमक्या कुठे, हे त्याच्यावरूनच कळलं.

(दृश्य: वरचा मजला. बार बेंडर स्लीव्हवर आडवी सळई बांधतो आहे.)

वरच्या मजल्यावर बांधणी बदलली. प्रत्येक स्लीव्हच्या डोक्यावर दोन आखूड सळ्या आडव्या टाकल्या, त्या दोन्हीकडच्या रिंगांना दुहेरी तारेने आवळल्या. स्लीव्हची तोंडं शटरिंगच्या फळीला आतून ठोकलेल्या लाकडी चकतीत अडकवली. आता उचल बसली तरी जायला वाट नाही.

"मामा, एकदा वर ओढून बघा," इंजिनिअर बाई बार बेंडरला म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हलला नाही.

(दृश्य: शटरिंग उघडलेले दोन बीम. दोन्ही भोकांमधून ताणलेली दोरी, टेप.)

आठवड्याभराने बाजूच्या फळ्या निघाल्या, तेव्हा पहिला स्लीव्ह २८३ वर होता. दुसरा ३१८ वर. ढाळ ३५ मिलिमीटर.