पेस्लिपला कुलूप होतं

नमस्कार श्रोतेहो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांसाठी मी बरीच वर्षं भरतीचं काम केलं. त्यामुळे आमच्या नात्यात कुणी नोकरी बदलायला निघालं की पहिला फोन मला येतो. परवा कळव्याहून भाचीचा आला. "मामा, सगळी कागदपत्रं शुक्रवारीच पाठवली, आणि आज सोमवारी एचआरवाली म्हणते, मिळालीच नाहीत!"

मी म्हटलं, काय पाठवलंस ते मला पाठव. तिने पाठवलं, आणि घोळ लक्षात आला.

शुक्रवारी चार वाजता ऐरोलीच्या कंपनीतून तिला फोन आला होता. तीन महिन्यांच्या पेस्लिप, आधीच्या नोकरीचं रिलीव्हिंग लेटर, फॉर्म १६, मार्कशीट, आधार, पॅन आणि दोन रेफरन्स हवे होते. पोरगी महापेला नोकरीला. सुटल्यावर कोपरखैरण्याला गाडीत बसली आणि ठाणं येईपर्यंत मोबाइलवरूनच सगळं धाडून मोकळी झाली. मार्कशीटचे आणि लेटरचे फोटो काढलेले, एकेक चार-पाच एमबीचा. जीमेलमध्ये जोडपत्रं एकूण २५ एमबीच्या वर गेली की ती जोडली जात नाहीत, त्यांची ड्राइव्हची लिंक होते. त्या लिंकला पाहण्याची परवानगी दिलेली नव्हती. म्हणजे समोरच्या बाईला मेल मिळाला होता, पण आत काहीच उघडत नव्हतं. घाई चांगलीच, पण पाठवल्यावर तोच मेल दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

पेस्लिप तेवढ्या जोडलेल्या होत्या, पण त्यांना पासवर्ड. कुठे तो पॅन नंबर असतो, कुठे जन्मतारीख. स्वतःची पेस्लिप रोज उघडणाऱ्याला हे कुलूप दिसेनासं होतं. भाची म्हणाली, "मग प्रिंट देऊन नवी पीडीएफ करते, कुलूप जाईल." मी थांबवलं. कुलूप जातं खरं, पण फाइल नव्याने तयार होते, आणि पडताळणी करणाऱ्याला ती कधी बनली, कशात बनली हे दिसतं. उगाच शंका येते. फॉर्म १६ वर तर बहुतेक वेळा डिजिटल सही असते. प्रिंटमध्ये सहीचं नुसतं चित्र उरतं, ती तपासता येत नाही. सगळे कागद एका पीडीएफमध्ये जोडले तरी तेच होतं. म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी पाठवायची आणि पासवर्ड वेगळ्या मेलने कळवायचा. आधार मात्र यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड घ्यावं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात.

मग नावं. तिच्या फाइलींची नावं कॅमेऱ्याने दिलेली, नुसते आकडे. आम्ही बसून ती बदलली: आधी आडनाव आणि नाव, मग कागद, मग महिना. फोटोंऐवजी ड्राइव्हच्या ॲपमधलं स्कॅन वापरलं, मार्कशीटच्या सगळ्या पानांची एक पीडीएफ झाली. आणखी एक गोष्ट, आपल्याकडे हमखास येणारी. मार्कशीटवर आडनाव आधी, शेवटी आईचं नाव, आणि आधारवर वेगळाच क्रम. मेलमध्ये एक ओळ लिहिली, की ही दोन्ही नावं माझीच. नाहीतर तेवढ्यासाठी पुन्हा फोन येतो.

रिलीव्हिंग लेटरचा नुसता फोटो होता; स्कॅन करायला मूळ लेटर हवं, ते तिच्या जुन्या घरच्या कपाटात होतं, चिपळूणला. ते बुधवारी मिळेल, असं तिने मेलमध्येच सांगितलं. बाकीचं अडवून ठेवलं नाही.

रेफरन्सचं दुखणं निराळं. तिने आधीच्या कंपनीतल्या साहेबांचा ऑफिसचा मेल दिला होता, आणि साहेब ती कंपनी सोडून वर्ष झालेलं! तो मेल परत येणारच. आणि जीमेलचा पत्ता बऱ्याच पडताळणीवाल्यांना चालत नाही. म्हणून साहेबांचं तेव्हाचं पद, दोघांनी एकत्र काम केलेला काळ, आताचा मोबाइल नंबर हे सगळं लिहिलं, आणि जोडीला त्या कंपनीच्या एचआरचा ऑफिसचा मेल दिला. सध्याच्या साहेबांचं नाव मी देऊ दिलं नाही. राजीनामा अजून दिलेला नाही, तिथे फोन गेला तर भलतंच व्हायचं.

"आता जुन्या साहेबांना फोन कर," मी म्हटलं. "कशाला? ते माझं चांगलंच सांगतील."

अगं, सांगतील गं. पण उचलतील का? अनोळखी नंबर हल्ली कोण उचलतो? तिने फोन केला, कोणत्या जागेसाठी अर्ज केलाय ते सांगितलं, आणि कुठल्या कंपनीकडून फोन येईल तेही. मंगळवारी अकरा वाजता साहेबांना तो आला. साहेब तिला नंतर म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, मी क्रेडिट कार्डवाला समजून कापणारच होतो."