शेजाऱ्यानं भाव उतरवला तर?

गणपत गल्लीत भिंतीला भिंत लागून दोन किराणा दुकानं आहेत असं धरा, एक मामांचं, एक अण्णांचं. दोघंही तेच एक लिटरचं तेलाचं पाकीट १४० ला घेतात आणि १५० ला विकतात, रोज शंभर शंभर खपतात, म्हणजे दोघांना हजार हजार सुटतात (आकडे माझेच हं, हिशोब सोपा जावा म्हणून).

एक दिवस मामांनी पाटीवरचं १५० पुसून खडूनं १४७ लिहिलं की गिऱ्हाईक तिकडं वळतंय, १८० पाकिटं जातात, सात रुपयांनी १२६० झाले, आणि अण्णांकडं वीस पाकिटं, दोनशे रुपये. दोघांनीही उतरवला तर गिऱ्हाईक परत निम्मं निम्मं, पण सुटणार सातशेच.

आता मामांच्या जागी बसून बघा. अण्णा भाव धरून बसले तर उतरवण्यात २६० जास्त मिळतात, आणि अण्णांनी उतरवला तर आपण पण उतरवल्याशिवाय दोनशेवर बसायचं. म्हणजे अण्णा काय पण करूदेत, उतरवणंच परवडतंय! अण्णांचा हिशोब पण डिट्टो हाच, म्हणून दोघं सातशेवर येऊन थांबतात. लोक म्हणतात चहा पिऊन ठरवून टाका की, पण शब्द दिला म्हणून हे आकडे बदलत नाहीत, शब्द मोडला तर २६० मिळतातच (आणि असं भाव ठरवून घेणं २००२ च्या कॉम्पिटिशन ॲक्टात बसत पण नाही). यालाच प्रिझनर्स डिलेमा, म्हणजे कैद्यांचा पेच म्हणतात. १९५० मध्ये अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत फ्लड आणि ड्रेशर या गणितज्ञांनी हा खेळ मांडला, ज्यावरनं हे नाव पडलं ती कैद्यांची गोष्ट नंतर टकर या गणितज्ञांनी जोडली.

मग गल्लीत रोज अशी मारामारी का दिसत नाही? कारण दुकान उद्या पण उघडायचं असतंय. आज २६० जास्त कमावले, पण अण्णा चिडून कायमचे १४७ वर आले तर उद्यापासून रोज तीनशेचा फटका. हिशोब केला तर उद्या परत समोरासमोर बसायची शक्यता साधारण ४६ टक्क्यांच्या वर असली की भाव धरून ठेवणं परवडतंय. फ्लड-ड्रेशरनी दोघांना शंभर डाव खेळवलं तेव्हा पण साठ डावांत दोघांनी एकमेकांना साथ दिली होती. पण महिनाअखेर दुकान खाली करणाऱ्याला हा हिशोब लागू नाही, तो शेवटी उतरवणारच.

खरी गोची होते ती गैरसमजातनं. मामांनी १४७ लावलं ते दगा म्हणून, की रविवार पेठेत होलसेललाच तेल उतरलं म्हणून, हे पाटी बघून कळत नाही. अण्णांनी खडू उचलायच्या आधी स्वतःचं नवीन बिल बघावं. खरेदी १३७ वर आली असली तर मामांचा नफा तोच दहा रुपये आहे आणि भांडण काही नाहीच. खरेदी १४० च असली तर मात्र उद्या १४७ लावावं, आणि मामा १५० वर गेले की लगेच आपण पण जावं, नाहीतर एका चिडीपायी दोघं वर्षभर सातशेवरच बसतात.