चांगल्या डोळ्यावर पट्टी

नमस्कार श्रोतेहो.

पाच वर्षांची एक मुलगी समजा. चित्रं छान रंगवते, सांडलेले मणी एकेक करून वेचते, पळताना कुठे धडकत नाही. डोळे दिसायला सरळ, कधी दुखले नाहीत, लाल झाले नाहीत. डोळ्यांच्या तपासणीत तिचा डावा डोळा झाकला, तर उजव्यानं तिनं तक्ता खालपर्यंत वाचला. मग उजवा झाकला, तर ती मान वाकडी करून कडेनं डोकावायला लागली. डोकावू दिलं नाही, तेव्हा वरच्या दोन-तीन ओळींवर गाडी थांबली. नोंद झाली, उजवा ६/६, डावा ६/३६. म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर छत्तीस मीटरवरून ओळखता येतं, ते तिच्या डाव्या डोळ्याला सहा मीटरवरून ओळखावं लागतं. घरात कुणालाच याचा पत्ता नव्हता. तिला स्वतःलाही नव्हता, कारण जन्मापासून तिला जग असंच दिसत आलंय. तक्रार करायला आधी फरक कळावा लागतो.

थेंब घालून चष्म्याचा नंबर काढला, तेव्हा कारण सापडलं. उजव्या डोळ्याला प्लस एक, डाव्याला प्लस साडेचार. हे थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही, म्हणून पालक कधीकधी नको म्हणतात. पण लहान मुलं डोळ्यातल्या भिंगाला ताण देऊन प्लस नंबर लपवतात. थेंबांनी तो ताण सैल होतो आणि खरा नंबर हाती लागतो.

आता डावा डोळा मंद का झाला? डोळा स्वतः पाहत नाही, तो चित्र मेंदूकडे पाठवतो. बालपणी मेंदू दोन्ही डोळ्यांकडून आलेली चित्रं वाचायला शिकत असतो. या मुलीच्या डाव्या डोळ्याकडून कायम पुसट चित्र आलं, उजव्याकडून स्पष्ट. मेंदूनं स्पष्ट चित्राचा धागा धरला आणि दुसऱ्याकडे लक्ष देणं कमी केलं. ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांची एक पापणी काही काळ बंद ठेवून हे दाखवलं होतं. पापणी उघडल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्याला प्रतिसाद देत नव्हत्या. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे या दोषाला आळशी डोळा म्हणतात. मला तो शब्द जरा अन्यायाचा वाटतो, कारण आळस मुलाचा नसतो आणि डोळ्याचाही नसतो.

म्हणूनच तपासणी एकेका डोळ्याची वेगळी करायची, आणि तीही साधारण तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान एकदा तरी, तक्रार असो वा नसो. अक्षरं येत नसतील तर चित्रांचे तक्ते असतात. हातानं डोळा झाकला तर मूल बोटांच्या फटीतून बघतं, त्यामुळे चिकटणारी पट्टी लावूनच तपासलेलं बरं.

उपचाराची सुरुवात चष्म्यानं होते, पट्टीनं नाही. आधी डाव्या डोळ्याच्या पडद्यावर स्पष्ट चित्र पडू द्यायचं. चष्मा लावल्या लावल्या मात्र ६/३६चं ६/६ होत नाही, कारण मेंदूला ते चित्र वाचायला अजून शिकायचंय. पहिल्या आठवड्यात पालक निराश होतात ते इथेच. चष्मा दिवसभर, झोपेपर्यंत लावून साधारण चार महिने वाट पाहायची. काही मुलांची नजर एवढ्यानंच पूर्ण सुधारते. आपल्या मुलीची ६/२४ झाली आणि तिथे थांबली.

मग पट्टी. ती चांगल्या डोळ्यावर, त्वचेला चिकटवून, आणि वरून चष्मा. चष्म्याच्या काचेवर लावलेल्या कापडाच्या वरून मूल हमखास बघतं. तास किती? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासगटानं २००३ साली मध्यम दोषाच्या मुलांमध्ये रोज दोन तास आणि रोज सहा तास अशी तुलना केली. चार महिन्यांनी सुधारणा सारखीच निघाली. म्हणून ६/२४च्या या मुलीला दोन तास. दोष अधिक असेल तर सहा तासांपासून सुरू करतात. त्या वेळात तिनं रंगवावं, ओवावं, पुस्तक पाहावं. शाळेत पट्टी लावण्यापेक्षा घरी ठरलेल्या वेळी लावलेली टिकते.

पट्टी फसते ती बहुधा न लावल्यामुळे. दोन तास सांगितलेले असतात, प्रत्यक्षात होतो एक. मूल ओढून काढतं, कारण त्याच्या दृष्टीनं आपण त्याचा दिसणारा डोळाच बंद केलेला असतो. नजर पुढे सरकत नसेल, तर तास वाढवण्याआधी खरे तास किती झाले ते डॉक्टरांना सरळ सांगा. पट्टी अजिबात जमत नसेल तर अॅट्रोपिनचे थेंब हा पर्याय आहे. ते चांगल्या डोळ्याचं जवळचं दिसणं धूसर करतात आणि काम दुसऱ्या डोळ्याकडे जातं. बाटली मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर ते औषध विषारी आहे.

तिरळेपणाची गोष्ट थोडी वेगळी. डोळे दोन दिशांना पाहत असले तर मेंदूला एकाच्या दोन वस्तू दिसतील, म्हणून तो वळलेल्या डोळ्याचं चित्र बंद करतो आणि तो डोळा मंदावतो. मूल आळीपाळीनं दोन्ही डोळ्यांनी बघत असेल तर नजर बहुधा शाबूत असते, नेहमी एकच डोळा वळत असेल तर धोका जास्त. पहिल्या काही महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून भटकतात, ते चालतं. चार महिन्यांनंतरही वळत असतील किंवा एक डोळा कायम वळलेलाच असेल, तर दाखवा. फोटोत बाहुली पांढरी दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा, त्यामागे डोळ्याची गाठही असू शकते.

प्लस नंबर मोठा असलेल्या काही मुलांचे डोळे स्पष्ट पाहण्याच्या ताणामुळे आत वळतात. चष्मा लावला की ताण जातो, डोळे सरळ होतात. रात्री चष्मा काढला की पुन्हा वळतात, आणि मग घरात कुणीतरी म्हणतं, चष्म्यानंच तिरळेपणा वाढवला. चष्म्यानं तो वाढलेला नसतो. मूल आता ताण सोडायला शिकलंय, म्हणून काढल्यावरचा फरक डोळ्यात भरतो. चष्म्यानं सरळ होणाऱ्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करत नाहीत. इतर प्रकारांत ती करतात, पण ती स्नायूंची असते. डोळा सरळ झाला तरी मंद नजर तिनं सुधारत नाही. त्यासाठी चष्मा आणि पट्टी लागतेच, बहुतेकदा शस्त्रक्रियेच्या आधी.

आपल्या मुलीची डावी नजर काही महिन्यांत ६/९ झाली. पट्टीच्या काळात दर भेटीत उजवा डोळाही तपासला, कारण पट्टीनं क्वचित चांगल्या डोळ्याची नजर थोडी उतरते. पट्टी थांबवल्यावर साधारण चारातल्या एका मुलात नजर पुन्हा घसरते, बहुधा पहिल्या वर्षभरात. म्हणून तास हळूहळू कमी करतात आणि त्या वर्षात दर काही महिन्यांनी बोलावतात. पट्टी सुटते, चष्मा राहतो. सात वर्षं उलटलेल्या मुलांनाही फायदा होतो, फक्त हळू आणि कमी, तेव्हा आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या पालकांनी उशीर झाला म्हणून घरी बसू नये.

नमस्कार.